तुटलेल्या नेकलाइनकडे भाव परत का येतो

प्रश्न: क्रिप्टोमध्ये हेड अँड शोल्डर्स किंवा डबल टॉपची नेकलाइन तुटली की भाव पडेल या अंदाजाने मी शॉर्ट घेतो. बहुतेक वेळा भाव परत नेकलाइनपर्यंत येतो, माझा स्टॉप लागून मी तोट्यात बाहेर पडतो आणि मग भाव पडतो. असे का होते? अशा परत येण्याची, म्हणजे रीटेस्टची, वाट पाहावी का?

उत्तर: नेकलाइनपाशी तीन वेगवेगळ्या लोकांचे व्यवहार अडकलेले असतात आणि ती तुटताच त्या तिघांनाही काही ना काही करावे लागते. भाव परत येतो तो त्यांच्या व्यवहारांमुळे. ते कोण आहेत हे एकदा नीट समजले, की स्टॉप चुकीच्या जागी का लागतो हेही समजते आणि वाट पाहण्याच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मिळते. हे सर्व एका खऱ्या उदाहरणावर पाहणे सोपे जाईल म्हणून मी २०२१ च्या वसंतातील बिटकॉइनचा दैनिक चार्ट घेतो. खालचे सर्व भाव डॉलरमध्ये आणि अंदाजे आहेत, कारण प्रत्येक एक्स्चेंजवर शंभर-दोनशे डॉलरचा फरक असतो आणि त्या काळातील तीव्र पडझडीत तो त्याहून मोठाही होता.

१३ मार्च २०२१ रोजी बिटकॉइनने ६१,७०० च्या आसपास शिखर केले. हा डावा खांदा. तिथून भाव २५ मार्चला ५०,५०० पर्यंत उतरला, पुन्हा चढला आणि १४ एप्रिलला ६४,८५० च्या आसपास पोहोचला. हे झाले डोके. २५ एप्रिलला भाव ४७,००० वर आला आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ८ ते १० मे दरम्यान, ५९,५०० पर्यंत जाऊन थांबला. हा उजवा खांदा. डाव्या खांद्यापेक्षा तो थोडा खाली राहिला, म्हणजे खरेदीदारांना मागच्या उंचीपर्यंतही पोहोचता आले नाही, आणि या आकृतीतील खरी माहिती माझ्या मते तेवढीच आहे. बाकीचे चित्र त्या माहितीला दिलेली चौकट आहे.

५०,५०० आणि ४७,००० या दोन तळांना जोडणारी रेषा म्हणजे नेकलाइन. ती खाली उतरणारी आहे. ३१ दिवसांत ३,५०० डॉलर, म्हणजे रोज साधारण ११३ डॉलर. तीच रेषा पुढे वाढवली तर १७ मे रोजी ती ४४,५०० च्या आसपास येते. त्या दिवशीची कँडल ४३,५०० च्या थोडी वर बंद झाली, म्हणजे रेषेखाली सुमारे हजार डॉलर. दुसऱ्या दिवशी, १८ मे रोजी, भाव वर येऊन ४५,८०० ला स्पर्श करून गेला, पण कँडल ४२,९०० वर बंद झाली. १९ मे रोजी भाव काही तासांत ३०,००० पर्यंत कोसळला आणि दिवसअखेर ३७,००० च्या आसपास सावरला.

आता १८ मेच्या त्या कँडलकडे जवळून पाहा. नेकलाइन ४४,४०० वर होती आणि भाव तिच्या १,४०० डॉलर वर जाऊन परतला, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडे अधिक. १७ मेच्या बंद भावाला कोणी शॉर्ट घेतला असेल आणि “रेषा तुटली आहे, आता ती रेझिस्टन्स होईल” या विचाराने स्टॉप रेषेच्या जेमतेम वर, समजा ४५,००० वर ठेवला असेल, तर त्याचा अंदाज बरोबर असूनही तो बाहेर फेकला गेला आणि १९ मेची घसरण त्याने नुसती पाहिली. आपण वर्णन केलेला अनुभव नेमका हाच आहे. सुरुवातीच्या काळात माझ्या बाबतीतही हे इतक्या वेळा घडले, की आपली आकृती ओळखण्यातच चूक होत असावी असे मला वाटू लागले होते. चूक स्टॉपच्या जागेत होती, हे नोंदवही चाळल्यावर कळले.

आता ते तीन लोक.

पहिला आहे तळाला खरेदी करणारा. २५ एप्रिलला ४७,००० च्या जवळ ज्याने खरेदी केली, त्याला पंधरा दिवसांत ५९,५०० दिसले. बराच नफा कागदावर होता आणि तो घेतला गेला नाही. आता भाव त्याच्या खरेदीच्या खाली आहे. या माणसाच्या मनात नवा नफा राहिलेला नसतो, फक्त “माझे पैसे निघाले की मी मोकळा” एवढेच असते. म्हणून भाव त्याच्या खरेदीजवळ येऊ लागला की तो विकतो. जी पातळी कालपर्यंत सपोर्ट होती ती आज रेझिस्टन्स होते, असे आपण पाठ केलेले असते, पण त्यामागे इतके साधे कारण आहे: तिथे खरेदी करणारी माणसेच आता तिथे विक्रेते झालेली असतात. हे भावाला नेकलाइनवर थांबवणारे कारण आहे. भाव तिथपर्यंत वर का येतो, ते मात्र यातून कळत नाही.

ते दुसऱ्या माणसामुळे कळते. हा रेषा तुटायच्या आधीच शॉर्ट असतो. उजव्या खांद्यावर, ५७,००० किंवा ५८,००० च्या आसपास, ज्याने विक्री केली त्याला नेकलाइन तुटेपर्यंत मोठा नफा झालेला आहे. रेषा तुटताच बाजारात विक्रीच्या ऑर्डरींची झुंबड उडते, आणि मोठ्या प्रमाणात शॉर्ट बंद करायचा असेल तर त्याला हीच झुंबड हवी असते. शॉर्ट बंद करणे म्हणजे खरेदी करणे. इतर लोक घाबरून विकत असताना तो शांतपणे खरेदी करून आपला नफा खिशात टाकतो. त्यामुळे रेषेखालच्या पहिल्या झटक्यानंतर खरेदीचा एक जोर येतो, आणि तो खरेदीदार पुढे भाव वाढेल म्हणून आलेला नसतो. त्याचे काम संपले की तो जोरही संपतो. रीटेस्टची चाल बहुधा निस्तेज आणि अल्पजीवी का असते, याचे हे मुख्य कारण आहे.

तिसरा माणूस खास क्रिप्टोचा आहे आणि त्याच्यावर मी थोडे अधिक लिहितो, कारण शेअर बाजाराच्या पुस्तकी ज्ञानावर क्रिप्टोत शिरणाऱ्यांचे अंदाज इथेच चुकतात. हा लिव्हरेज, म्हणजे उसना पैसा, घेऊन भाव चढेल या अंदाजाने लाँग असलेला माणूस आहे. क्रिप्टोतील मोठी उलाढाल पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या वायद्यांत, होते आणि त्यात तारण म्हणून ठेवलेले मार्जिन संपले की एक्स्चेंजची यंत्रणा आपोआप आपली पोझिशन बाजारभावाला विकून टाकते, यालाच लिक्विडेशन म्हणतात. समजा एखाद्याने उजव्या खांद्यावर ५७,००० ला पाचपट लिव्हरेज घेऊन लाँग केले. भाव वीस टक्के पडला की त्याचे मार्जिन संपते, म्हणजे ४५,६०० ला, आणि मेंटेनन्स मार्जिन धरले तर त्याच्याही थोडे आधी, ४६,००० च्या आसपास. वरची नेकलाइन कुठे होती? ४४,५०० वर. म्हणजे खांद्यावर मध्यम लिव्हरेजने खरेदी करणाऱ्यांचे लिक्विडेशन नेकलाइनच्या पट्ट्यातच येऊन पडते. हा योगायोग नाही. खांदा आणि नेकलाइन यांतील अंतर जितक्या टक्क्यांचे असते, तितक्याच टक्क्यांना पुरेल एवढे लिव्हरेज घेणारे कोणी ना कोणी नेहमी असतात.

लिक्विडेशनची विक्री माणसाच्या विक्रीसारखी नसते. तिला भावाशी देणेघेणे नसते, ती ऑर्डर बुकमध्ये खाली जो कोणी खरेदीदार सापडेल त्याला माल देते. खरेदीच्या ऑर्डरी विरळ असतील तर भाव त्या ऑर्डरींच्या फटीतून खाली घसरतो, त्या घसरणीने आणखी काहींचे लिक्विडेशन होते, आणि भाव अशा जागी जाऊन पोहोचतो जिथे कोणीही स्वेच्छेने विकले नसते. ही सक्तीची विक्री संपली की बाजार तयार करणारे ट्रेडर पुन्हा ऑर्डरी भरतात, शॉर्टवाले नफा घेतात आणि मधली विरळ जागा भाव भराभर वर चढून पार करतो. कुठपर्यंत? जिथून घसरण वेगाने सुरू झाली तिथपर्यंत, म्हणजे पुन्हा नेकलाइनपर्यंत. शेअर बाजारात रात्रीची विश्रांती असते, अनेक बाजारांत सर्किट असते, आणि मोठी बातमी आली की भाव गॅप घेऊन रेषेखाली उघडतो. बिटकॉइनच्या स्पॉट बाजाराला सुट्टी नाही, त्यामुळे हा सगळा खेळ चार्टवर अखंड उमटतो आणि रीटेस्ट अधिक वेळा, अधिक लवकर आणि अधिक खोल विकसह, म्हणजे कँडलच्या टोकाला निघणाऱ्या बारीक रेघेसह, दिसतो.

या खोल विकमागे आणखी एक गोष्ट आहे. रेषा तुटल्यावर उशिरा शॉर्ट घेणाऱ्यांचे स्टॉप रेषेच्या लगेच वर गर्दीने ठेवलेले असतात, कारण सगळ्यांनी तीच रेषा काढलेली असते. शॉर्टचा स्टॉप म्हणजे खरेदीची ऑर्डर. ज्याला मोठा माल विकायचा आहे त्याला या खरेदीच्या ऑर्डरी म्हणजे तयार गिऱ्हाइके वाटतात. भाव रेषेवर अचूक न थांबता थोडा वर घुसून मग परततो, तो यामुळे. यात कोणाचा आपल्याविरुद्ध कट असतोच असे नाही. जिथे ऑर्डरी जमा आहेत तिथे भाव जातो, एवढेच त्यात आहे.

यावरून पहिला व्यावहारिक निष्कर्ष असा की नेकलाइन ही रेषा नाही, तो एक पट्टा आहे, आणि त्याची जाडी आपण आधीच ठरवायला हवी. मी दैनिक चार्टवर चौदा दिवसांच्या एटीआरचा, म्हणजे दिवसाच्या सरासरी चढउताराचा, अर्धा भाग रेषेच्या वर आणि तितकाच खाली धरतो. मे २०२१ मध्ये बिटकॉइन एका दिवसात तीन ते चार हजार डॉलर सहज हलत होता, म्हणजे पट्टा रेषेच्या वरखाली पंधराशे ते दोन हजार डॉलरचा. १८ मेची ४५,८०० ची विक या पट्ट्यात बसते. पट्ट्याच्या आत झालेल्या हालचालीला मी पक्के तुटणेही म्हणत नाही आणि फसणेही म्हणत नाही.

पट्टा का हवा याचे दुसरे उदाहरण त्याच वर्षी दोन महिन्यांनी आले. मेच्या घसरणीनंतर बिटकॉइन ३०,००० ते ४०,००० मध्ये फिरत होता आणि अनेकांनी संपूर्ण वर्षाच्या चार्टवर एक अवाढव्य हेड अँड शोल्डर्स काढून ३०,००० ला नेकलाइन ठरवली होती. २० जुलैला दैनिक कँडल २९,८०० वर बंद झाली. रेषेच्या हिशेबाने ती तुटली. पण २२ जूनचा तळ २८,८०० चा होता आणि तो तुटलाच नव्हता. २९,८०० हा बंद भाव कोणत्याही समंजस पट्ट्याच्या आत होता. दुसऱ्याच दिवशी भाव ३२,००० वर बंद झाला आणि आठवड्याच्या आत ४०,००० ला भिडला. जुलैच्या शॉर्टवाल्यांना वाटले की २१ तारखेची वाढ म्हणजे रीटेस्ट आहे. ती रीटेस्ट नव्हती.

मग रीटेस्ट आणि फसलेली आकृती यांतील फरक त्या क्षणी कसा ओळखायचा? मी तीन गोष्टी पाहतो, आणि त्यांतील पहिलीला सर्वाधिक वजन देतो. ती म्हणजे बंद भाव. रीटेस्टमध्ये विक रेषेच्या वर जाऊ शकते, पण कँडल पट्ट्याच्या वर बंद होत नाही. दैनिक आकृतीसाठी मी दैनिक क्लोजिंगच धरतो, आणि क्रिप्टोत ते साधारणपणे यूटीसीनुसार मध्यरात्री मोजले जाते. आपला चार्ट दुसऱ्या वेळेवर लावलेला असेल तर आपल्याला वेगळी कँडल दिसेल, आणि काठावरच्या प्रसंगी “तुटली की नाही” याचे उत्तरच बदलेल. १८ मेला भाव रेषेवर गेला आणि खाली बंद झाला. २१ जुलैला तो रेषेवर गेला आणि पूर्ण भरलेल्या कँडलने वरच राहिला.

दुसरी गोष्ट ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून बंद न झालेले एकूण फ्युचर्स करार. भाव वर येताना ओपन इंटरेस्ट कमी होत असेल तर जुने शॉर्ट बंद होत आहेत, नवीन खरेदीदार आलेले नाहीत, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या माणसाचे काम चालू आहे आणि ते संपल्यावर चढ थांबण्याची शक्यता मोठी. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वाढत असतील, आणि त्याच वेळी स्पॉट बाजारातील खरेदीही जोरात असेल, तर नवे पैसे आत येत आहेत, आणि तेव्हा शॉर्टला चिकटून राहण्यात अर्थ नाही. व्हॉल्यूमवर मात्र मी एका मर्यादेपलीकडे विसंबत नाही. क्रिप्टोत व्हॉल्यूम एक्स्चेंजगणिक वेगळे असते आणि काही ठिकाणी ते फुगवलेलेही असते. पाहायचेच असेल तर एका मोठ्या एक्स्चेंजचे स्पॉट व्हॉल्यूम घ्यावे आणि त्याच एक्स्चेंजच्या मागील दिवसांशी ताडून पाहावे. तुटतानाच्या कँडलपेक्षा परत येतानाच्या कँडलचे व्हॉल्यूम कमी असले म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट फंडिंग रेट. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर तो दर आठ तासांनी आकारला जातो. तो धन असेल तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना पैसे देतात, ऋण असेल तर उलट. रेषा तुटताना फंडिंग धन असेल तर लाँगवाले अजून अडकलेले आहेत आणि विकायला अजून माणसे शिल्लक आहेत. रेषेखाली भाव रेंगाळत असताना फंडिंग बराच काळ ऋण राहिले, तर सगळे आधीच शॉर्ट झालेले आहेत, आणि तेव्हा वरची छोटी हालचालही शॉर्टवाल्यांना एकदम खरेदी करायला लावणारी शॉर्ट स्क्वीझ होऊ शकते.

आता डबल टॉपकडे वळू. तर्क तोच आहे, फक्त नेकलाइन दोन शिखरांमधल्या एकाच तळावरून आडवी जाते, आणि म्हणून ती सगळ्यांना अगदी सारखी दिसते. एक गैरसमज इथे दूर करणे मला महत्त्वाचे वाटते. दोन शिखरे जवळपास समान झाली की डबल टॉप झाला, असे नाही. मधला तळ तुटेपर्यंत तो फक्त एक रेंज असतो. बिटकॉइनने १४ एप्रिल २०२१ ला ६४,८५० आणि १० नोव्हेंबर २०२१ ला ६९,००० च्या आसपास शिखर केले, आणि दोहोंमधला तळ २२ जूनचा, २८,८०० चा. दुसऱ्या शिखरावरून निम्म्याहून अधिक घसरण होऊन सहा महिने गेले तरी हा डबल टॉप पूर्ण झाला नव्हता.

तो पूर्ण होतानाचा प्रसंग रीटेस्टच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण तिथे नेहमीचा क्रम उलटला. मे २०२२ मध्ये टेरा-लुना या क्रिप्टो कॉइनची पडझड झाली आणि १२ मे रोजी बिटकॉइन २७,००० च्याही खाली जाऊन आला, पण कँडल २९,००० वर, म्हणजे रेषेच्या किंचित वर, बंद झाली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर भाव २८,५०० ते ३२,००० मध्ये रेंगाळत राहिला. ११ जूनला तो २८,४०० वर बंद झाला, १२ जूनला २६,८०० वर, त्याच दिवशी क्रिप्टो कर्जव्यवहारातील सेल्सियस या कंपनीने ग्राहकांचे पैसे काढणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि १३ जूनला भाव २२,५०० वर बंद झाला. १८ जूनला १७,६०० चा तळ झाला. रीटेस्ट आलीच नाही. २८,८०० ची पातळी पुन्हा दिसली ती मार्च २०२३ मध्ये, आणि नऊ महिन्यांनी आलेल्या भावाला कोणी रीटेस्ट म्हणू नये, कारण तोवर वर सांगितलेल्या तिघांपैकी कोणीच तिथे उरलेले नसते.

रीटेस्ट का आली नाही? माझे वाचन असे आहे की ती आधीच होऊन गेली होती. १२ मेच्या विकने घाबरणाऱ्यांना बाहेर काढले, नंतरच्या महिन्यात शॉर्टवाल्यांनी नफा घेतला, तळाच्या खरेदीदारांना ३०,००० च्या वर बाहेर पडण्याची पुरेशी संधी मिळाली, आणि जूनमध्ये रेषा तुटली तेव्हा तिला परत वर आणणारे कोणी शिल्लक नव्हते. त्यात विक्री चार्टबाहेरच्या कारणाने होत होती. ज्यांना कर्ज फेडायचे आहे किंवा ठेवीदारांना पैसे द्यायचे आहेत ते नेकलाइन पाहून थांबत नाहीत. म्हणून रेषेवर खूप दिवस रेंगाळल्यानंतर झालेले तुटणे आणि सरळ वेगाने झालेले तुटणे यांत मी फरक करतो. पहिल्या प्रकारात रीटेस्टची अपेक्षा मी कमी ठेवतो.

लक्ष्य काढण्याची नेहमीची रीतही इथेच तपासून घ्यावी. शिखरापासून नेकलाइनपर्यंतची उंची नेकलाइनमधून वजा करायची, हे सर्वत्र सांगितले जाते. या डबल टॉपला ते लावले तर उंची ४०,२०० येते आणि २८,८०० मधून ती वजा केली तर लक्ष्य शून्याच्या खाली जाते. हे उत्तर निरर्थक आहे, आणि क्रिप्टोसारख्या मोठ्या टक्केवारीने हलणाऱ्या बाजारात ही रीत आंधळेपणाने का वापरू नये याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. इथे उंची टक्केवारीत मोजावी:

```
लक्ष्य = नेकलाइन × (नेकलाइन ÷ शिखर)
२८,८०० × (२८,८०० ÷ ६९,०००) ≈ १२,०२०
```

प्रत्यक्षात त्या मंदीचा तळ २१ नोव्हेंबर २०२२ ला १५,५०० च्या आसपास झाला, म्हणजे हे सुधारलेले लक्ष्यही पूर्ण गाठले गेले नाही. मे २०२१ च्या हेड अँड शोल्डर्सला दोन्ही रीती लावून पाहा. १४ एप्रिलला डोक्याच्या बरोबर खाली नेकलाइन ४८,२४० वर होती. उंची तिथे मोजून ती तुटण्याच्या दिवशीच्या ४४,५०० ला लावली, तर वजाबाकीने लक्ष्य २७,९०० येते, टक्केवारीने ४४,५०० × (४८,२४० ÷ ६४,८५०), म्हणजे ३३,१००. दुसरे १९ मेलाच गाठले गेले, पहिले २२ जूनच्या २८,८०० च्या तळालाही हुकले. मी नेहमी टक्केवारीचे लक्ष्य धरतो, आणि तेही भावाला तिथे गेलेच पाहिजे असे बंधन म्हणून नव्हे, तर तिथे पोहोचला तर जोखमीच्या तुलनेत पुरेसे मिळते का, हे ठरवण्यासाठी.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे, वाट पाहावी का. फक्त रीटेस्टवरच शिरायचे ठरवले तर जून २०२२ सारखी सर्वांत मोठी चाल हातची जाते, आणि फक्त तुटल्याबरोबर शिरायचे ठरवले तर रीटेस्ट सोसण्याइतका दूरचा स्टॉप लागतो. म्हणून मी जोखीम दोन भागांत वाटतो. समजा खात्यात १०,००० डॉलर आहेत आणि या एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे १०० डॉलर, गमावण्याची तयारी आहे. मे २०२१ च्या चार्टवर स्टॉप ४६,७०० ला बसतो, कारण तो पट्ट्याच्या वरच्या कडेजवळ आहे आणि १७ मेचा उच्चांक ४६,६०० होता. ५० डॉलरची जोखीम १७ मेच्या क्लोजिंगला, ४३,५०० वर. हा बंद भाव रेषेखाली असला तरी पट्ट्याच्या आत आहे, तुटणे अजून पक्के नाही, म्हणून इथे अर्धीच जोखीम. तिथून स्टॉप ३,२०० डॉलर दूर आहे, म्हणून प्रमाण ०.०१५६ बिटकॉइन. उरलेले ५० डॉलर रीटेस्टला, ४४,४०० वर. तिथून स्टॉप २,३०० दूर, म्हणून प्रमाण ०.०२१७ बिटकॉइन. ३३,१०० चे लक्ष्य गाठले तेव्हा पहिल्या भागात सुमारे १६२ डॉलर आणि दुसऱ्यात २४५ डॉलर मिळाले असते, म्हणजे शुल्क सोडून जोखमीच्या चौपट. रीटेस्ट आलीच नसती तरी पहिला भाग हातात राहिला असता.

या हिशेबात दोन्ही भाग मिळून पोझिशन साधारण १,६४० डॉलरची होते, खात्याच्या एक षष्ठांश. म्हणजे लिव्हरेजची गरजच पडत नाही. आपला स्टॉप रेषेला चिकटून असण्याचे खरे कारण बहुधा हेच असते: मोठी पोझिशन आधी ठरते आणि मग तिला परवडेल एवढ्या अंतरावर स्टॉप ठेवला जातो. क्रम उलटा हवा. आधी स्टॉपची जागा चार्टवरून, मग प्रमाण जोखमीवरून.

रीटेस्ट किती दिवसांत यावी यावर माझा अनुभव असा की दैनिक आकृतीत ती एक-दोन दिवसांपासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत येते. त्यानंतरही न आल्यास मी दुसऱ्या भागाची ऑर्डर काढून टाकतो. आणि छोट्या कॉइनच्या बाबतीत एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्यांच्या चार्टवर नेकलाइन कितीही सुबक दिसली तरी पडझडीच्या दिवसांत ती कॉइन बिटकॉइनच्या मागे फरफटत जाते. तिची रीटेस्ट म्हणून आपण जे पाहतो ते पुष्कळदा बिटकॉइनचा उसळा असतो, तिच्या स्वतःच्या खरेदीदार-विक्रेत्यांचा त्याच्याशी संबंध नसतो. अशा वेळी मी आधी बिटकॉइनचा चार्ट उघडतो, आणि तो स्वतःच्या एखाद्या महत्त्वाच्या पातळीवर उभा असेल तर छोट्या कॉइनमधील तुटलेल्या नेकलाइनवर शॉर्ट घेत नाही.